एच-४ वर अकाउंटिंगचं करिअर पुन्हा उभं करताना: माहिती आणि अनुभव लिहा

मृण्मयी_द

मैत्रिणीच्या भाचीचा निरोप आला. एम.कॉम., ऑडिटचा सहा वर्षांचा अनुभव. नवऱ्याच्या एच-१बी मुळे एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, अमेरिकेत आली आहे. त्याच्या कंपनीने ग्रीन कार्डची प्रक्रिया नुकतीच सुरू केली आहे, म्हणजे आय-१४०, कंपनीचा ग्रीन कार्डसाठीचा अर्ज, मंजूर व्हायला वर्ष-दीड वर्ष सहज जाईल, आणि तोवर तिला ईएडी, म्हणजे काम करण्याची परवानगी, मिळणार नाही. "तोवर नुसतं घरात बसायचं का?" हे वाचलं आणि मोहोरबंद पाकिटं, मार्कलिस्टा, तारखांच्या वह्या असं जुनं सगळं आठवलं. म्हणून हा धागा.

माझ्या मते पहिल्याच दिवशी कामाची दोन ढिगांत वाटणी करावी. ज्याला परवानगी लागत नाही ते आत्ता: शिक्षण, पदवीचं मूल्यमापन, सीपीएची म्हणजे इथल्या सीएची परीक्षा. एच-४ वर कॉलेजात शिकता येतं, त्यासाठी वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. ज्याला परवानगी लागते ते नंतर: सीपीएच्या हाताखालचा वर्षभराचा अनुभव. तो ईएडी आल्याशिवाय सुरूच होत नाही. पहिला ढीग या दीड वर्षात संपला, तर ईएडीचं कार्ड हातात पडताना फक्त अनुभव बाकी राहतो, आणि परीक्षा पास झालेल्या माणसाला फर्म घ्यायला तयार असतात.

बाकी जाणकारांनी भर घाला.

शंतनु_क

पहिलं पाऊल म्हणून बहुतेक जण मूल्यमापनाचे पैसे भरतात. थांबा. आधी राज्य निवडा. सीपीएचा परवाना राज्याचं बोर्ड देतं आणि कुठल्या संस्थेचं मूल्यमापन चालेल हे प्रत्येक बोर्ड स्वतः ठरवतं. एका संस्थेचा अहवाल घेतला आणि बोर्ड दुसरीचाच मागतं, हा फटका नेहमीचा. परीक्षेला बसायला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो का, हेही राज्यागणिक बदलतं. एच-४ वर ईएडीशिवाय तो मिळत नाही, त्यामुळे ही चौकशी सगळ्यात आधी. राहत्या राज्यातच परीक्षा द्यायला हवी असं नाही, पण परवाना शेवटी कुठे घ्यायचा ते डोक्यात ठेवून निवडा.

मग क्रेडिट, म्हणजे शिक्षण मोजायचं इथलं एकक. तीन वर्षांचं बी.कॉम. बहुधा ९० धरलं जातं. एम.कॉम. जोडलं की १२० पार होतात, पण परवान्याला लागणारी १५० भरतीलच असं नाही. परीक्षेला १२० पुरणारी राज्यं बरीच आहेत, म्हणून परीक्षा आधी आणि उरलेली क्रेडिट सावकाश असं करता येतं.

अनघा_लिहिते

कम्युनिटी कॉलेज! स्वस्त पडतं, संध्याकाळचे वर्ग असतात. अमेरिकन बिझनेस लॉ आणि अमेरिकन टॅक्स हे दोन विषय आपल्याकडच्या पदवीत बसत नाहीत, ते तिथे पूर्ण करायचे. (मुलगी उठली, बाकीचं नंतर लिहिते)

शंतनु_क

अनघाताई, बरोबर, पण एक अडचण. काही राज्यं अकाउंटिंगची क्रेडिट वरच्या वर्षांचीच मागतात, आणि कम्युनिटी कॉलेजचे बरेचसे वर्ग पहिल्या दोन वर्षांच्या पातळीचे असतात. १५० ची बेरीज जुळते, पण अकाउंटिंगचा रकाना रिकामाच राहतो. प्रवेशाआधी कोर्सचा क्रमांक बोर्डाला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

रोहित७१

१५० शिवाय काही होत नाही ना पण? मग दीड वर्षात कसं जमणार?

शंतनु_क

आता तसं राहिलेलं नाही. ओहायोने २०२५ मध्ये कायदा करून पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असा दुसरा रस्ता काढला. आणखी काही राज्यं त्याच वाटेवर आहेत. शिकायला वेळ आहे पण काम करता येत नाही अशा माणसाला मात्र मी १५० चाच रस्ता सांगेन. ईएडी हाती आल्यावरचं एक वर्ष वाचतं.

स्वप्ना_जे

नवरा एल-१ वर आणि मी एल-२. आय-१४० ची वाट बघायची? इथे सगळे तेच म्हणताहेत.

मृण्मयी_द

स्वप्ना, तुला ते लागू नाही. एल-१ च्या जोडीदाराला २०२१ च्या नोव्हेंबरपासून वेगळ्या ईएडीची गरज उरलेली नाही. तुझा आय-९४, म्हणजे देशात शिरल्याची नोंद, ऑनलाइन उघडून बघ. त्यावर `L-2S` छापलेलं असेल तर तोच कामाच्या परवानगीचा पुरावा, सोबत ड्रायव्हिंग लायसन्ससारखं इथलं ओळखपत्र दाखवायचं. नुसतं `L-2` असेल तर आधी दुरुस्त करून घे. नोकरी देणाऱ्यांच्या एचआरला कधीकधी हा फरक माहीत नसतो, प्रिंट जवळ ठेव.

स्वप्ना_जे

बघितलं. S आहे!! खूप खूप आभार 🙏

वैदेही_म

परीक्षेबद्दल लिहिते, हे विषय शिकवते. जानेवारी २०२४ पासून रचना तीन सक्तीचे पेपर आणि एक निवडीचा अशी आहे. प्रत्येकात ७५ हवेत. पहिला पेपर पास झाला की बाकीचे ठरावीक मुदतीत संपवावे लागतात. पूर्वी ही मुदत १८ महिन्यांची होती, आता बऱ्याच राज्यांत ३० महिने झाली आहे.

आपल्याकडच्या अनुभवी ऑडिटरने FAR, म्हणजे वित्तीय हिशोबांचा पेपर, आधी घ्यावा. अभ्यासक्रम सगळ्यात मोठा, आणि तो संपेपर्यंत मुदतीचं घड्याळ सुरूच झालेलं नसतं. पण 'हे तर येतंच' म्हणून वाचायचं टाळलं की तिथेच मार्क जातात. लिफो आपल्याकडे चालत नाही, इथे चालतं. मालमत्तेचं पुनर्मूल्यन करून किंमत वर नेणं आपल्याकडे चालतं, इथे नाही. विकासावरचा खर्च आपण अटी पूर्ण झाल्या की मालमत्ता म्हणून दाखवतो, इथे तो बहुतांशी त्याच वर्षी खर्ची पडतो. सराव प्रश्नांत नेमके हेच चुकत असतील तर हात जुन्या सवयीने चालतो आहे असं समजावं. सरकारी संस्थांचे हिशोब मात्र अगदी नवे असतात, त्यांना वेगळे तीन-चार आठवडे द्या.

निनाद

सीपीएच कशाला? आयआरएसची, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याची, एन्रोल्ड एजंट परीक्षा आहे. तीन भाग, पदवीची अट नाही, अनुभवाची अट नाही. टॅक्समध्येच राहायचं असेल तर ती पुरे.

वैदेही_म

टॅक्समध्येच राहायचं असेल तर चांगली आहे, खरंच. पण ऑडिटवर सही करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, आणि भाचीचा अनुभव ऑडिटचा आहे.

रोहित७१

तोवर एखाद्या सीपीए ऑफिसमध्ये फुकट काम करायचं. पैसे घेतले नाहीत तर व्हॉलंटिअरिंगच झालं, एच-४ वर चालतं.

मृण्मयी_द

नाही रोहितदादा, कृपया कुणाला असं सांगू नका. नफ्यासाठी चालणाऱ्या फर्ममध्ये, ज्या कामाचा इतरांना पगार मिळतो ते काम फुकट केलं, तर ते विनापरवाना काम ठरू शकतं. 'नंतर नोकरी देऊ' किंवा 'कोर्सची फी भरू' असं काही ठरलं असेल तर प्रकरण आणखी अवघड. पुढे ग्रीन कार्डच्या आय-४८५ अर्जात विनापरवाना काम केलं होतं का, असा थेट प्रश्न असतो.

याच क्षेत्रातली सुरक्षित जागा म्हणजे विटा. कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न फुकट भरून देणारा आयआरएसचा कार्यक्रम. केंद्रं ग्रंथालयात, कम्युनिटी सेंटरमध्ये भरतात आणि काम सगळ्यांसाठीच बिनपगारी असतं. नोव्हेंबर-डिसेंबरात केंद्राला ईमेल करायची, ऑनलाइन प्रशिक्षण घ्यायचं, आचारसंहितेची आणि टॅक्सची परीक्षा ८० टक्क्यांनी पास व्हायची. मग जानेवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी बसायचं.

सीपीएच्या अनुभवाच्या वर्षात हे धरतील अशी अपेक्षा ठेवू नका. त्याचा उपयोग वेगळा. रेझ्युमेत या देशातली एक ताजी ओळ येते आणि इथला कुणीतरी तुमचं काम पाहिलेला असतो. संदर्भ मागितला की त्याचं नाव देता येतं.

वैदेही_म

REG चा, म्हणजे टॅक्स आणि कायद्याचा पेपर विटाच्या हंगामानंतर लगेच घ्या. वैयक्तिक टॅक्सचा भाग हाताखालून गेलेला असतो. कंपन्यांचा टॅक्स आणि कायदा मात्र तिथे मिळत नाही, ते पुस्तकातूनच.

केतकी_आर

माझा प्रश्न जरा वेगळा. भारतातली जुनी कंपनी म्हणते अमेरिकेतून लॅपटॉपवर काम चालू ठेव, पगार भारतातल्याच खात्यात. अमेरिकेतली कुणाची नोकरी हिरावत नाही. चालेल ना?

निनाद

चालतं. पगार तिकडे, कंपनी तिकडची. कितीतरी जण करतात.

शंतनु_क

मला हे पटत नाही. बरेच वकील पगार कुठल्या खात्यात जमा झाला ते बघत नाहीत, काम करताना माणूस कुठे बसला होता ते बघतात. शिवाय वर्षभर इथे राहिलं की टॅक्ससाठी रहिवासी धरतात, मग तो पगार इथल्या रिटर्नमध्ये दाखवावाच लागतो. म्हणजे स्वतःच्याच सहीचा कागद तयार होतो.

निनाद

स्पष्ट बंदी कुठे लिहिली आहे ते दाखवा.

शंतनु_क

स्पष्ट परवानगीही कुठे लिहिलेली नाही. केतकी, इथल्या कुणाच्या भरवशावर ठरवू नकोस. इमिग्रेशन वकिलाकडून लेखी मत घे. भाडं, व्याज, लाभांश ही कमाई वेगळी, ती काम धरली जात नाही.

अनघा_लिहिते

आले परत. ईएडीबद्दल: मुदत संपली तरी नूतनीकरणाचा अर्ज टाकला असेल तर ५४० दिवस आपोआप मिळतात, काळजी नको.

मृण्मयी_द

अनघा, ते आता गेलं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना ती आपोआप मुदतवाढ नाही. कार्डावरची तारीख उलटली आणि नवं आलं नाही तर त्या दिवशी काम थांबवायचं. म्हणून अर्ज १८० दिवस आधी टाकता येतो तो पहिल्याच आठवड्यात टाका, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बीची मुदतवाढही त्याच वेळी तयार हवी. वकिलाला आठ महिने आधीपासून आठवण करायला लागा. खंड पडणारच असेल तर राजीनामा देऊ नका, बिनपगारी रजा मागा. कार्ड आलं की कंपनीकडचा कामाच्या परवानगीचा आय-९ फॉर्म अद्ययावत करून परत रुजू होता येतं.

आणखी एक, कुणी सांगत नाही ते. देशात शिरताना पासपोर्ट लवकर संपणार असेल तर आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच मिळू शकतो, व्हिसावर पुढची तारीख असली तरी. ईएडी एच-४ च्या मुदतीपुढे जात नाही, म्हणजे कार्डही आखूड येतं. प्रवासाआधी पासपोर्ट नवा करून घ्या.

अनघा_लिहिते

अरे बापरे, हे माहीतच नव्हतं. आमच्याकडे दोघांच्याही तारखा आजच बघते.

रोहित७१

पहिल्या अर्जात श्रेणी कुठली लिहायची?

शंतनु_क

ईएडीच्या अर्जावर, म्हणजे आय-७६५ वर, `(c)(26)`. नवऱ्याच्या आय-१४० च्या मंजुरीची आणि लग्नाच्या दाखल्याची प्रत जोडायची. सोशल सिक्युरिटी नंबर त्याच फॉर्ममध्ये मागता येतो, नाहीतर पुन्हा ऑफिसची फेरी. पहिला पगार त्याच्यावाचून अडत नाही, पण बँक आणि पगारविभाग मागे लागतात.

स्वप्ना_जे

लग्नानंतर नाव बदललं असेल तर? मार्कलिस्ट माहेरच्या नावाने आहेत.

वैदेही_म

पदवी जुन्या नावाने असली तरी चालतं, मूल्यमापनाला लग्नाचा दाखला जोडा. खरी अडचण परीक्षेच्या दारात येते. परीक्षेच्या पत्रावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फी बुडते. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं आणि अर्जात ते गळतं. अर्ज भरताना पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यावर आहे तसंच लिहा.