मदत हवी आहे: चित्रातली माणसं वाळूवरून घसरतात

केतकी_दादर
नमस्कार मंडळी. बाबांनी १९८० च्या सुमारास जलरंगात गिरगाव चौपाटी रंगवली होती. पुढे भेळेची गाडी, तिच्याशेजारी नऊवारीतल्या आजी, लांब पाण्याच्या कडेला एक फुगेवाला, त्यामागे समुद्र आणि मलबार हिल. पुढच्या महिन्यात बाबांची पंचाहत्तरी आहे, तेव्हा हे चित्र हलतं करून दाखवायचंय. कोणी चालायला-बोलायला नको. आपण चौपाटीवर उभे राहून दोन पावलं बाजूला सरकलो तर जसं दिसेल, तेवढंच हवं.

चित्र स्कॅन केलं आणि आजी, गाडी, फुगेवाला, वाळू, समुद्र-डोंगर, आकाश असे थर कापले. After Effects मध्ये पुढचे थर जास्त सरकवले, मागचे कमी. ६ सेकंदांचा शॉट आहे, १९२० × १०८० मध्ये. आकाश-डोंगर छान वाटतात, पण आजी आणि फुगेवाला वाळूवरून घसरत जातात, पायाखाली चाकं लावल्यासारखे. आकडे बदलून तीन रात्री गेल्या. आजी नीट बसल्या की फुगेवाला घसरतो, तो बसला की आजी. काय चुकतंय?

सौमित्र
थर हाताने सरकवू नकोस. सगळ्यांना 3D कर, Z मध्ये मागेपुढे ठेव, कॅमेरा टाक आणि फक्त कॅमेरा हलव. मागे नेलेला थर लहान दिसेल, तो तेवढाच मोठा करून घे. कोण किती सरकणार ते आपोआप येतं.

पिंगुळीकर
माझाही असाच प्रश्न आहे. आमच्याकडच्या चित्रकथीच्या पोथीतली चित्रं मी अशीच हलवतोय. माणसं एका बाजूला तोंड करून ओळीने उभी, मागे कोरा कागद. थर हलवले की चित्राचा जीवच जातो. काय करावं?

वेबवाला_ठाणे
पानावर खाली स्क्रोल केलं की मागचं चित्र हळू सरकावं, असं हवंय ना? त्याला व्हिडिओ कशाला, CSS मध्ये होतं.

केतकी_दादर
@वेबवाला, नाही हो, वेबसाइट नाहीये. हॉलमध्ये पडद्यावर दाखवायचंय.
@सौमित्र, करून पाहिलं. आजी, गाडी, फुगेवाला एकमेकांच्या मानाने बरोबर सरकतात, पण वाळूवर अजूनही घसरतात.

अण्णा_रोस्ट्रम
केतकी, तुझी माणसं बरोबर आहेत. चुकतेय ती वाळू.

माणूस एका अंतरावर उभा असतो, म्हणून त्याचा सगळा थर एका मापाने सरकला तर चालतं. वाळू मात्र तुझ्या पायापासून पाण्यापर्यंत पसरलेली आहे. तिची पुढची कड भराभर सरकायला हवी आणि पाण्याकडची अगदी हळू. तू ती सगळी एकाच मापाने सरकवतेयस. म्हणजे ती एका कुठल्यातरी अंतरावरच खरी ठरते आणि तिथे उभा असलेला एकच माणूस बसतो. सौमित्रच्या पद्धतीतही वाळू भिंतीसारखी उभीच राहते. ती आडवी पाडता येते, पण बाबांनी ती आधीच लांब जाताना आक्रसत रंगवलेली आहे. आडवी पाडली की दुसऱ्यांदा आक्रसेल, मग ताणून सरळ करत बसावं लागेल. एका चित्रासाठी एवढा खटाटोप नको.

तुझ्या चित्रात क्षितिज स्वच्छ दिसतंय, हे फार चांगलं आहे. सपाट जमिनीवरची वस्तू किती सरकणार हे तिचे पाय क्षितिजाच्या किती खाली आहेत त्यावर ठरतं. अंतर चौपट झालं की पाय क्षितिजाच्या चौपट जवळ येतात, आणि सरकणंही चौथाई होतं. आकडे मोजून सांगशील?

केतकी_दादर
मोजले. व्हिडिओच्या फ्रेममध्ये आजींचे पाय क्षितिजाच्या ६०० पिक्सेल खाली, फुगेवाल्याचे १५०. गंमत म्हणजे आजींची उंची ५६० आहे आणि फुगेवाल्याची १४५.

अण्णा_रोस्ट्रम
मग बाबांनी नजर पक्की ठेवून काढलंय. उंचीचंही प्रमाण जवळजवळ चारास एक येतं, म्हणजे दोन्ही मोजमापं एकमेकांना धरून आहेत. ती जुळली नसती तर पायांचं माप मानायचं, कारण घसरणं पायाशी दिसतं.

आता एकच गुणक धर, ०.४. आजी ६०० गुणिले ०.४ म्हणजे २४० पिक्सेल सरकतील, फुगेवाला ६०. डोंगर आणि आकाश जागचे हलवूच नकोस. वाळू सरकवायची नाही, तिरकी करायची. तिच्यावर Transform इफेक्ट लाव, Anchor Point आणि Position दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर एकाच जागी ठेव आणि Skew ला कीफ्रेम दे. क्षितिजाची रेषा जागेवर राहिली पाहिजे आणि खालची कड आजींच्याच दिशेने गेली पाहिजे. उलटी गेली तर चिन्ह बदल. क्षितिजच हलायला लागलं तर Skew Axis चुकलाय.

बाबांनी काढलेली जागा शॉटच्या मधोमध येऊ दे. आजी उणे १२० पासून अधिक १२० पर्यंत जातील, वाळू साधारण उणे ११.३ अंशांपासून अधिक ११.३ पर्यंत. असं केलं की आजींच्या मागे दोन्ही बाजूंनी फार तर १२० पिक्सेल उघडे पडतात. तेवढीच पट्टी रंगवून भरायची, मागचं सगळं नाही. वाळूच्या खालच्या कोपऱ्यांशीही निदान तितका रंगवलेला भाग लागेल. बाबांच्या रंगावर आपला हात जितका कमी फिरेल तितकं बरं.

अजून एक. सावल्या आजींबरोबर कापल्या असशील तर परत वाळूवर ठेव. सावली जमिनीवर पडलेली असते, तिने जमिनीसोबत तिरकं व्हायला हवं.

@पिंगुळीकर, तुमच्या चित्रात क्षितिजच नाही, मग हे गणित कशाला धरून करणार? त्या चित्रकाराने खोली दाखवलेलीच नाही. मी असतो तर थर केले नसते, अख्खं चित्र फ्रेममधून सावकाश सरकवलं असतं.

पिंगुळीकर
नुसतं सरकवलं तर फोटोंचा स्लाइड शो वाटतो, अण्णा. सोंगं आत येऊन बाहेर जातात असं काहीतरी हवंय. वेगळा धागा काढतो.

सौमित्र
वाळूचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी आजवर जमीन धूसर करून वेळ मारून नेत होतो.

केतकी_दादर
अण्णा, पाय बसले! सुरुवातीला आणि शेवटी अगदी घट्ट. पण मधे, दुसऱ्या सेकंदाच्या आसपास, आजी किंचित मागे पडून परत जुळतात. गाडीची मागची चाकंही थोडी घसरतात.

अण्णा_रोस्ट्रम
सुरुवात-शेवट बरोबर आणि मधे चूक असेल तर वेग सारखे नाहीत. आजींच्या कीफ्रेमवर F9 दाबून वाळूचे तसेच ठेवलेस का? एक तर सगळ्यांना तोच Easy Ease दे, नाहीतर कोणालाच नको.

गाडीला स्वतःची खोली आहे. पुढची चाकं ६०० वर आणि मागची समज ५४० वर असतील, तर पूर्ण शॉटमध्ये २४ पिक्सेलचा फरक पडणारच. पुढच्या चाकांना धरून बसव, मागच्यांवर गाडीची सावली गडद आहे का बघ.

केतकी_दादर
F9 चंच होतं. वाळूचे कीफ्रेम साधेच राहिले होते. मागची चाकं सावलीत जातात, मला माहीत आहे म्हणूनच दिसतात.

आता दुसरं चित्र. खोताची वाडी, अरुंद गल्ली, दोन्हीकडे घरं आणि पुढे आलेले लाकडी सज्जे. जमीन तशीच तिरकी करेन, पण भिंतींचं काय? त्याही लांब जातात.

अण्णा_रोस्ट्रम
सरळ भिंतीला तिरकं करायचं नाही, आडवं ताणायचं किंवा आक्रसायचं. गल्लीच्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू जागेवर ठेवायचा आणि त्यापासूनच Scale ची फक्त रुंदी बदलायची. एका बाजूची भिंत पसरेल तेव्हा दुसरी आवळेल. सज्जे भिंतीच्या पुढे आहेत, ते वेगळे कापावे लागतील, आणि त्यांच्या खालच्या बाजूचं काय करायचं ते चित्र बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. स्कॅन टाक.

केतकी_दादर
बाबा दुपारी झोपले की फ्रेममधून काढून स्कॅन करते. संध्याकाळी टाकते.