पहिलीचा पहिला दिवस: फोटोखाली तुम्ही काय लिहिलंत?

चोपड्याची आई: लेक सोमवारी पहिलीत जाणार. स्टेटसला फोटो टाकायचाय. 'बघता बघता पिल्लू मोठं झालं, अश्रू थांबेनात' हे लिहून पाहिलं, पण ते कुणाच्याही लेकराला लागू पडतं. अभिमान वाटतोय, गळाही दाटतोय. तुमचे अनुभव सांगा.

रावेरचे बाबा: एकच ओळ लिहायची. लांब लिहिलं की रडगाणं होतं.

धुळेकर काका: आमच्या नातवाला डब्यात पोळीचा रोल द्यायचो, तोच खायचा. पहिल्या दिवशी डबा सोपा द्या.

जामनेरच्या बाई: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. प्रवेशोत्सवाला फुलं देऊन मुलांचं स्वागत होतं, हातात नवी पुस्तकं येतात, आणि पालक फाटकाशीच मोबाईल काढतात. एका बाबांनी मला लिहिलेलं दाखवलं. पाच ओळी होत्या. डोळ्यांतलं पाणी तीनदा आणि पोरगी एकदाही नाही! मी विचारलं, आज तिने काय केलं? म्हणाले, पुस्तक उघडून आधी वास घेतला, मग माझं बोट सोडून म्हणाली, "आते तू घर जाय, पप्पा." मी म्हटलं, हेच लिहा. त्यांनी लिहिलं:

'आज पहिलीत गेली. नव्या पुस्तकाचा आधी वास घेतला. बोट सोडून म्हणाली, "आते तू घर जाय, पप्पा." गेलो, पण फाटकाशी थोडा थांबून.'

रडण्याचा शब्द नाही, तरी बापाचं मन त्या थांबण्यात कळतं. रावेरचे बाबा, ओळी चार आहेत, पण रडगाणं झालं का? लांबीपेक्षा आपल्या भावना किती वेळा सांगतो, ते बघावं. एकदा पुरे.

रावेरचे बाबा: पटलं. पण बोलणं अहिराणीत न ठेवता प्रमाण मराठीत घ्यायला हवं होतं. पुण्यातल्या नातेवाईकांना कसं कळणार?

साक्रीची आजी: लेकरू जे बोललं तेच ठेवा. 'आता तुम्ही घरी जा' लिहिलं तर ती आमची पोर वाटणारच नाही.

भुसावळची मावशी: माझा मुलगा तर फाटकाला धरून रडला. तो फोटो मी टाकला नाही. मोठा झाल्यावर त्याला तो आवडला नसता असं मला वाटतं. संध्याकाळी हसत परतला, तेव्हाचा टाकला आणि लिहिलं, 'सकाळी जायचं नव्हतं. आता उद्याचं दप्तर स्वतः भरतोय.'

पाचोऱ्याचा दादा: रडणं लपवायचं कशाला? आमच्या घरी त्याच फोटोवर सगळ्यात जास्त जीव आहे.

भुसावळची मावशी: घरात ठेवा की. स्टेटस सगळे बघतात. आणि गणवेशावरचा बिल्ला, शाळेचं नावही झाका.

चोपड्याची आई: बिल्ला झाकते. आधीच लिहून ठेवलेलं सगळं पुसलं. सोमवारी ती काय बोलते ते ऐकूनच लिहीन. अहिराणीत बोलली तर तसंच ठेवावं का, आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.