कोडिंग चाचणीत २८ मिनिटे रेंज नव्हती. वाढीव वेळ कसा मागावा?

जिंतूरकर: काल जिंतूर तालुक्यातल्या माझ्या गावातून एका कंपनीची ९० मिनिटांची कोडिंग चाचणी दिली. सायंकाळी ७ वाजता सुरुवात केली. ७ वाजून ४१ मिनिटांनी वीज गेली आणि टॉवरची बॅटरी निकामी असल्यामुळे रेंजही गेली. ८ वाजून ९ मिनिटांनी चुलत भावाच्या दुसऱ्या सिमवरून पुन्हा लॉगिन केले, तेव्हा घड्याळात २१ मिनिटेच उरली होती आणि दुसऱ्या प्रश्नाचा निम्मा कोड गायब होता. लिंकची मुदत उद्या सायंकाळी ६ पर्यंत आहे. मला तापही होता. अर्ज कोणाकडे करावा, आणि दोन्ही कारणे लिहावीत का?

गोदाकाठ: नेट तुटले की टायमर थांबतो, माझा थांबला होता. मुदत आहे तर उद्या लिंक पुन्हा उघडून पाहा.

औसेकर: मी भरतीचेच काम करतो. टायमर थांबतो, पण चाचणी लावणाऱ्याने तशी सोय ठेवली असेल तरच. इथे वापरलेली ४१, बुडालेली २८ आणि उरलेली २१ मिळून बरोबर ९० मिनिटे होतात, म्हणजे घड्याळ सर्व्हरवर चालूच होते. उद्याची मुदत बहुधा चाचणी सुरू करण्यासाठी आहे. चाचणी एकदा संपली की लिंक उघडून उपयोग नसतो. तरीही मुदतीच्या आतच लिहा, कारण निकालाची यादी लागल्यावर कोणी मागे वळून पाहत नाही.

मेल निमंत्रण पाठवणाऱ्यालाच करा. वेळ वाढवणे त्याच्या हाती असते. संकेतस्थळाच्या मदत कक्षाकडे तुटलेल्या जोडणीची नोंद असते, म्हणून त्यांना प्रत पाठवा. मजकूर एवढाच पुरे: "७.४१ ते ८.०९ या वेळेत वीज व नेटवर्क बंद होते. नंतर दुसऱ्या सिमवरून जोडणी केली. बुडालेली २८ मिनिटे द्यावीत किंवा नवीन प्रश्नांसह चाचणी पुन्हा घ्यावी." सिम बदलल्याचे स्वतःहून लिहा, नाहीतर बदललेला आयपी पत्ता पाहून त्यांना शंका येते. तापाचा उल्लेख मात्र टाळा. आजारपणासाठी चाचणी सुरू करण्यापूर्वीच तारीख बदलून मागायची असते. आता तो जोडलात तर नोंदीवरून पडताळता येणारे कारणही सबबीसारखे वाटेल.

लातूरची ताई: माझ्या मुलाने सेमिस्टरच्या पेपरला डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले होते, तरी फेरपरीक्षा मिळाली नाही. प्रमाणपत्र लगेच काढून ठेवा.

औसेकर: ताई, ते विद्यापीठाच्या नियमांचे झाले. कंपनीवर असे बंधन नसते, त्यामुळे ती नकारही देऊ शकते.

जिंतूरकर: मेल पाठवला. मदत कक्षाने नोंद तपासतो असे कळवले आहे, कंपनीचे उत्तर नाही. दुसरा प्रश्न मी वाचलेला असताना नुसती २८ मिनिटे देतील का?

औसेकर: बरेच जण त्याच कारणाने देत नाहीत. म्हणूनच नवीन प्रश्नांचा पर्याय लिहायला सांगितला. उद्या दुपारपर्यंत उत्तर आले नाही, तर त्याच मेलखाली एकदा आठवण करा.