मदत हवी आहे: देण्यांचा एजिंग रिपोर्ट टॅलीच्या बाकीशी जुळत नाही

जमाखर्च_शिरोली:
कोल्हापूरजवळ एका मशीनशॉपचं अकाउंट बघते. मालकांनी विचारलंय, "येत्या पंधरा दिवसांत सप्लायरना किती पैसे लागतील?" टॅलीतून बिलं आणि पेमेंट एक्सेलमध्ये काढली, बिल नंबर जुळवून वजाबाकी केली आणि ०-३०, ३१-६०, ६१-९० असे कप्पे पाडले. दोन अडचणी आहेत. रिपोर्टची बेरीज टॅलीतल्या क्रेडिटर्सच्या बाकीपेक्षा ३,२६,२०० जास्त येते. आणि कप्पे पाहून मालकांच्या प्रश्नाचं उत्तर देताच येत नाही.

उधारीवाला:
ताई, आमचंही तेच रडगाणं. गिऱ्हाइकं नव्वद दिवस पैसे देत नाहीत. मी रोज सकाळी दहा फोन करतो, तुम्हीही करा.

जमाखर्च_शिरोली:
दादा, माझा प्रश्न उलटा आहे. आम्हालाच फोन येतात!

खतावणी:
पेमेंटमध्ये गोल आकडे दिसतायत का? पन्नास हजार, एक लाख असे? ते बहुतेक `On Account` टाकलेले असणार. त्यांना बिल नंबरच नाही, म्हणून तुमच्या वजाबाकीत ते आलेच नाहीत. असे पैसे सर्वांत जुन्या बिलापासून फेडले असं धरायचं. बिलं तारखेने लावा (A सप्लायर, C बिलाची तारीख, D रक्कम) पेमेंट `Pay` नावाच्या शीटमध्ये ठेवा, A मध्ये सप्लायर आणि C मध्ये रक्कम, आणि बिलांच्या शीटवर बाकीच्या रकान्यात हे टाका:

```
=MAX(0,MIN(D2,SUMIFS(D$2:D2,A$2:A2,A2)-SUMIFS(Pay!C:C,Pay!A:A,A2)))
```

वर्षाच्या सुरुवातीची बाकीही बिलासारखी ओळ म्हणून वर हवी, नाहीतर मागच्या वर्षाची फेड या वर्षाच्या बिलांना खाईल.

समजा एकाच सप्लायरची तीन बिलं आहेत: ५ एप्रिल ६०,०००, २८ एप्रिल ४५,०००, २० मे ८०,०००. तुम्ही एकरकमी ७०,००० दिलेत. पहिलं बिल मिटलं, दुसऱ्यात ३५,००० उरले, तिसरं अख्खं बाकी.

आता कप्पे. आज १० जून आणि उधारी ३० दिवसांची धरू. तुमच्या पद्धतीने २० मेचं बिल २१ दिवसांचं, म्हणून ०-३० मध्ये निवांत बसलंय. पण त्याची मुदत १९ जूनला संपते, म्हणजे नऊ दिवसांत ८०,००० लागणार. मालकांना हेच हवंय. बिलाच्या तारखेत उधारीचे दिवस मिळवून मुदत काढा आणि कप्पे तिच्यावर पाडा: मुदत टळलेली, ७ दिवसांत, ८ ते १५, १६ ते ३०, त्यापुढे. दुसऱ्या बिलाचे ३५,००० मुदत टळलेल्यात जातील, १३ दिवस झाले त्यांना.

कायदाप्रेमी:
दिवस कशाला मिळवताय? आता सगळ्यांना ४५ दिवसांत द्यावंच लागतं, नाहीतर खर्च त्या वर्षी धरत नाहीत. सरळ ४५ टाका.

खतावणी:
अर्धं बरोबर. तो नियम उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादक-सेवावाल्यांसाठी आहे, नुसत्या व्यापाऱ्यांसाठी नाही. शिवाय ४५ ही वरची मर्यादा झाली. लेखी करार नसेल तर १५ दिवसच मिळतात, आणि जॉबवर्कवाल्यांशी लेखी करार कोण करतो? सप्लायर मास्टरमध्ये प्रत्येकाचे दिवस वेगळे ठेवा.

जमाखर्च_शिरोली:
फॉर्म्युला चालला! फरक ५१,२०० वर आला. पण हा काही केल्या जात नाही.

खतावणी:
ज्याला बिलापेक्षा जास्त पैसे गेलेत असा सप्लायर शोधा. `MAX(0,…)` बाकी शून्यावर थांबवतं, वरचे पैसे गायब होतात. टॅलीत मात्र तो ॲडव्हान्स एकूण बाकीतून वजा झालेला असतो.

जमाखर्च_शिरोली:
सापडलं. कास्टिंगवाल्याला ४०,००० ॲडव्हान्स, त्याचं बिल यायचंय. उरलेले ११,२०० म्हणजे परत पाठवलेल्या बारची डेबिट नोट, ती पेमेंटच्या शीटमध्ये नव्हतीच. आता पैशापर्यंत जुळलं.

खतावणी:
ॲडव्हान्स खाली वेगळ्या ओळीत दाखवा, दुसऱ्याच्या देण्यातून वजा करू नका. कास्टिंगवाल्याकडे पडलेल्या पैशांनी स्टीलवाल्याचं बिल भागत नाही.

चेकबुक_सांगली:
एक राहिलं. पुढच्या तारखेचे चेक देता का? आमच्याकडे चेक हातात दिला की एंट्री त्याच दिवशी पडते. रिपोर्टमध्ये बिल मिटलेलं, आणि पंधरा दिवसांनी खात्यातून दीड लाख जातात. एकदा त्यात पगार अडकला होता.

जमाखर्च_शिरोली:
अरे देवा, देतो ना! स्टीलवाल्याला तीन दिलेत. ते चेकच्या तारखेप्रमाणे कप्प्यात वेगळे घेते. बिलांच्या बाकीत मिसळले तर टॅलीशी परत जुळणार नाही.

आणि एक. एका सप्लायरचं एप्रिलचं बिल रेटवरून वादात आहे, आम्ही ते मुद्दाम थांबवलंय. फॉर्म्युल्याने तेच आधी मिटवलं. काय करू?

खतावणी:
ते बिल आणि त्याच्या नावावर गेलेले पैसे, असतील तर, हाताने बाजूला काढा. मी तसंच करतो.

चेकबुक_सांगली:
माझं मत वेगळं. सप्लायरच्या वहीत तुमचे पैसे कुठल्या बिलाला लागलेत ते आधी विचारा. त्याने एप्रिलचंच मिटवलं असेल, तर तो मेच्या बिलासाठी फोन करणार आणि तुमच्या रिपोर्टमध्ये ते मिटलेलं असणार.

जमाखर्च_शिरोली:
उद्या त्याचा खातेउतारा मागवते.