मदत हवी आहे : वसतिगृहाच्या सांडपाण्याचा रीड बेड आठ महिन्यांत तुंबला, नव्याने किती जागा धरू?

अधीक्षिका_सोलापूर

नमस्कार. होटगी रस्त्याकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाची मी अधीक्षिका. ६० मुली राहतात, स्वयंपाक इथेच होतो. संडासाची लाइन वेगळी आहे, ती सेप्टिक टँकला जाते. प्रश्न अंघोळ, कपडे आणि भांडी यांच्या पाण्याचा आहे.

गेल्या जूनमध्ये ठेकेदाराकडून २ मीटर रुंद, १० मीटर लांब आणि ०.९ मीटर खोल बेड करून घेतला. आत खडी, वर मुरूम-माती आणि कर्दळ. पाणी एका टोकाच्या पाइपातून आत येतं, दुसऱ्या टोकातून बाहेर. दिवाळीपर्यंत छान चाललं. पाणी नितळ यायचं, वासही नव्हता. संक्रांतीपासून मात्र तोंडाशी तीनेक मीटर काळं पाणी साचून राहतं आणि काठावरून पायवाटेवर सांडतं. तोंडाजवळची कर्दळ माणसाच्या उंचीची झाली आहे, शेवटची सुकते आहे. डासांमुळे खालच्या मजल्यावरच्या मुली खिडकी उघडत नाहीत.

बादली आणि घड्याळ घेऊन पाणी मोजलं. रोजचं सरासरी ४,२०० लिटर भरतं. रविवारी सगळ्यांचे कपडे निघतात, तेव्हा ७,००० च्या आसपास जातं. पाणी बोअरचं आहे, चांगलंच जड. बादल्यांवर पांढरं कीटण चढतं.

ठेकेदार म्हणतो, खडी काढून त्याच खड्ड्यात नवी भरतो. पुन्हा पैसे घालण्याआधी नीट समजून घ्यायचं आहे. जागा किती लागते? पाणी कुठून कुठे न्यायचं? आणि पुन्हा तुंबू नये म्हणून काय करायचं?

बार्शी_रोड

ताई, एवढा व्याप कशाला? दहा फुटी शोषखड्डा मारा, विटांचे तुकडे भरा, वर झाकण. आमच्या घरी सहा वर्षं झाली, एक थेंब वर आला नाही.

अधीक्षिका_सोलापूर

दादा, तुमच्याकडे मुरमाड जमीन असेल. आमच्याकडे सात फूट काळी माती आहे. आधी शोषखड्डाच होता, पावसाळ्यात भरून वर यायचा. शिवाय हे पाणी आम्हाला झाडांना वापरायचं आहे, उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो.

नळबन

ताई, पाणी मोजून लिहिलंत हे फार बरं केलंत. अकरा वर्षं असे बेड बांधतो आणि दुरुस्त करतो, पण मोजमाप घेऊन विचारणारे थोडेच भेटतात.

नव्या खडीची ऑर्डर देण्याआधी एक काम करा. तोंडापासून १ मीटर, ४ मीटर आणि ८ मीटरवर गुडघाभर खोल तीन खड्डे घ्या. प्रत्येकातली तांब्याभर खडी स्वच्छ पाण्याच्या बादलीत खळबळून धुवा. पाण्यात काय उतरतं, बोटांना कसं लागतं, ते इथे लिहा. कशाने तुंबलंय हे कळल्याशिवाय नवी खडी भरली तर तीही तशीच तुंबेल.

अधीक्षिका_सोलापूर

आज सकाळी शिपाईमामांना घेऊन तिन्ही खड्डे घेतले.

१ मीटरवर काळा बुळबुळीत गाळ, आणि त्यात मेणासारखे पांढरट तुकडे. बोटांत दाबले की चपटे होतात, पाण्यात विरघळत नाहीत. तोंडाशी मोठे दगड आहेत. ते आणि खडी यांच्यामध्ये हिरवी जाळी उभी लावलेली निघाली. तिच्यावर दुधावर साय धरावी तसा थर होता, नखाने खरवडला तर सोलून आला.

४ मीटरवर बादलीतलं पाणी तांबूस झालं, तळाशी बोटभर मुरूम बसला.

८ मीटरवर खडी जवळजवळ कोरडी. धुतल्यावर करडी भुकटी उतरली, क्रशरची असावी.

नळबन

तीन खड्ड्यांत तीन वेगळी कारणं निघाली.

पांढरे तुकडे साबणाचेच आहेत. जड पाण्यातला चुना साबणाला धरतो आणि न विरघळणारा चोथा तयार होतो. त्यात स्वयंपाकघरातलं तेल मिसळलं की तो मेणासारखा चिकट होतो. हा चोथा आणि तेल बेडच्या आधीच अडवायला हवं. खडीत शिरल्यावर ते काढायचं म्हणजे खडीच उपसावी लागते.

जाळी दगड आणि खडीच्या मध्ये कधीच लावू नये. पाण्याच्या वाटेत आडवी आलेली बारीक जाळी म्हणजे गाळणी, आणि गाळणी भरतेच. दगडाला दगड भिडू द्यावा.

मुरूम-मातीचा थर लावायचं कारणच नव्हतं. पावसाने तो खाली झिरपला आणि खडीच्या फटी बुजल्या. रोपं थेट खडीत लागतात, मुळं पाण्याला टेकली की झालं. क्रशरची कच खडी न धुता टाकल्यामुळे आली आहे.

आता जागा. मी हे सूत्र वापरतो:

```
A = Q × (ln C1 − ln C2) / k
```

Q म्हणजे रोजचं पाणी घनमीटरमध्ये, तुमचं ४.२. C1 म्हणजे बेडमध्ये शिरणाऱ्या पाण्याचा बीओडी, C2 बाहेर पडणाऱ्याचा, दोन्ही लिटरला मिलिग्रॅममध्ये. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, त्यावरून घाण किती ते कळतं. k म्हणजे बेड घाण किती वेगाने संपवतो त्याचा आकडा, आडव्या वाहत्या बेडसाठी तो ०.१५ ते ०.२ धरतात. आपल्याकडे पाणी कोमट असतं म्हणून मी ०.२ घेतो. स्वयंपाकघराचं पाणी तेल अडवून आल्यावर C1 अंदाजे २०० आणि C2 ३० धरला, तर ४.२ गुणिले १.९ भागिले ०.२, म्हणजे साधारण ४० चौरस मीटर. तुमच्याकडे २० आहेत. बीओडीचा आकडा माझा अंदाज आहे. काम सुरू करण्याआधी प्रयोगशाळेतून २७ अंशांची तीन दिवसांची चाचणी करून घ्या. ३०० निघाला तर क्षेत्र ४८ च्या पुढे जाईल.

सिव्हिलवाला

जागा नसेल तर खोली वाढवा ना. २० चौरस मीटरच ठेवा, खड्डा १.८ मीटर करा, आकारमान दुप्पट. कर्दळ दाट लावली की मुळं घाण खातात. मात्र काळ्या मातीत सिमेंटची टाकी करू नका. उन्हाळ्यात माती आकसते, पावसात फुगते, भिंतीला तडा जातोच. एचडीपीई प्लास्टिकचा जाड कागद घाला, खाली मुरूम दाबून.

नळबन

कागदाचं शंभर टक्के बरोबर. खोलीचं नाही पटत. कर्दळीची मुळं फूट-दीड फुटापलीकडे फारशी जात नाहीत, नळ या उंच गवताची त्याहून थोडी खोल जातात. त्याखाली नुसती खडी. तिथे हवा पोचत नाही, आणि पाणी मुळांना बगल देऊन तळातून सरळ निघून जातं. ०.६ मीटर खडी आणि तिच्यात ०.५ मीटर पाणी पुरे. काम मुळांपेक्षा जास्त खडीवर धरलेले जिवाणू करतात. मुळं त्यांना आधार देतात आणि खडी मोकळी ठेवतात.

ताई, तुमच्या बेडचा आकारच तुंबण्याला पोषक होता. रोजची घाण ४.२ गुणिले २०० म्हणजे ८४० ग्रॅम बीओडी. पाणी ज्या तोंडातून खडीत शिरतं, त्या उभ्या छेदावर दर चौरस मीटरला दिवसाला २५० ग्रॅमच्या वर भार नसावा. म्हणजे छेद किमान ३.४ चौरस मीटर हवा. पाणी अर्धा मीटर खोल धरलं तर तोंड जवळजवळ ७ मीटर रुंद हवं. तुमचं २ मीटर आहे. सगळी घाण त्या अरुंद तोंडाशी बसली आणि पुढची खडी कोरडी राहिली. लांब आणि अरुंद बेड दिसायला कालव्यासारखा छान दिसतो, पण आधी तोंडच भरतं.

म्हणून बेड आडवा करा. खड्ड्याची १० मीटरची बाजू हेच तोंड समजा आणि पलीकडे आणखी ३ मीटर खोदा. १० मीटर रुंद, ५ मीटर लांब, म्हणजे ५० चौरस मीटर झाले. रविवारच्या ७,००० लिटरसाठीही थोडी वाढीव जागा मिळते. जुना खड्डा ०.९ आहे, तळाला मुरूम दाबून तो वर आणा.

मधोमध आडभिंत घालून ५-५ मीटरचे दोन बेड करा, म्हणजे एकाला विश्रांती देता येते. पाणी बंद करून बेड आठ-पंधरा दिवस सुकवला की काळा गाळ कुजून फटी मोकळ्या होतात. मुरूम आणि कच मात्र सुकवून जात नाही. मुली असताना ही विश्रांती देऊ नका, एकट्या बेडवर भार ३३० च्या वर जातो. दिवाळीच्या सुट्टीत द्या.

पाण्याची वाट अशी ठेवा. स्वयंपाकघराचं पाणी आधी तेलाच्या सापळ्यात, सापळा सावलीत. मग सगळं पाणी २,००० लिटरच्या दोन कप्प्यांच्या टाकीत. कप्प्यांमधला पाइप टी आकाराचा, म्हणजे वरची साय आणि खालचा गाळ मागेच राहतो. टाकी याहून फार मोठी नको, पाणी सडून वास मारेल. तिथून तोंडाच्या पूर्ण रुंदीत भोकांचा पाइप, भोवती ४० ते ८० मिलिमीटरचे दगड, मग १० ते १२ मिलिमीटरची धुतलेली खडी, शेवटी पुन्हा दगड. बाहेरचा भोकांचा पाइप तळाशी, पूर्ण रुंदीत. तो एका चेंबरमध्ये न्या आणि टोकाला फिरता एल्बो लावा. एल्बो वाकवला की बेडमधलं पाणी खाली उतरतं, उभा केला की चढतं. पातळी खडीच्या चार बोटं खाली ठेवा. वर पाणी दिसलं नाही की डासही नाहीत.

तेलाचा सापळा दर आठवड्याला उपसावा लागतो. ते काम नेमकं कोणाकडे, हे बांधायच्या आधी ठरवा. मी दुरुस्त केलेले बहुतेक बेड न उपसलेल्या सापळ्यामुळेच गेले होते.

मोहोळची_शेती

ताई, झाडांना देणार म्हणालात म्हणून सांगतो. आम्ही वस्तीवरचं धुण्याचं पाणी असंच गाळून चार वर्षं लिंबाला दिलं. पाणी काचेसारखं होतं. तिसऱ्या वर्षी जमीन चोपण पडायला लागली. पाऊस पडला की वर चिखल, वाळली की दगड. पानांच्या कडा जळाल्या. माती तपासली तर सोडियम वाढलेला. शेवटी जिप्सम टाकलं.

नळबन

दादांचं म्हणणं अगदी मोलाचं आहे. बेड घाण खातो, मीठ खात नाही. उलट उन्हाळ्यात त्यातून पाणी उडतं. दिवसाला १० मिलिमीटर धरलं तरी ५० चौरस मीटरमधून ५०० लिटर, आणि उरलेल्या पाण्यात मीठ घट्ट होतं. कपड्याच्या पावडरीतून सोडियम येतोच. एकाच आळ्यात रोज देऊ नका, पावसाळ्यात जमीन धुऊ द्या. पालेभाजीला आणि कच्चं खायच्या कशालाही देऊ नका, या पाण्यात जंतू राहतात.

अधीक्षिका_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. ठेकेदाराला थांबवलं आहे. आज दोरी लावून आखणी केली. १० बाय ५ बसतं, पण एका कोपऱ्यात जुना कडुनिंब दीड मीटरवर येतो. तोडायचा नाही. मुळं कागद फोडतील का? दुसरं, मे महिन्यात वसतिगृह रिकामं असतं. तेव्हा झाडं कशी जगवायची?

नळबन

मे महिन्यात एल्बो उभा करून बेड भरून ठेवा आणि तीन-चार दिवसांनी बोअरचं पाणी सोडा. नळ आणि पाणकणीस वरून वाळले तरी खालून फुटतात. कर्दळ पाण्याच्या ओढीला लवकर बसते, म्हणून तोंडाशी नळ आणि शेवटाला कर्दळ अशी विभागणी करा.

कडुनिंबाचं मी ठामपणे सांगू शकत नाही. एका ठिकाणी दोन मीटरवरच्या पिंपळाने कागद फोडलेला पाहिला आहे, कडुनिंबाचा अनुभव नाही.

सिव्हिलवाला

त्या बाजूला बेड एक मीटर आत घ्या. ९ बाय ५ केलं तरी ४५ उरतात.

अधीक्षिका_सोलापूर

आधी बीओडीचा आकडा येऊ दे. नमुना उद्या सकाळी सातला, मुलींच्या अंघोळीच्या वेळेला घेऊ का?

नळबन

एकट्या सातच्या पाण्यावर जाऊ नका. सकाळी सातला, दुपारी भांडी घासताना आणि संध्याकाळी थोडं थोडं घ्या, त्या त्या वेळी जेवढं पाणी वाहतं त्या प्रमाणात एकत्र करा, आणि बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. रविवारचा नमुना वेगळा काढा.