'लेट गो'साठी मराठीत काय लिहावं?

कोरा कागद : चाकणच्या एका कारखान्यातला एक विभाग बंद होतोय. कामगारांना द्यायच्या पत्रात 'वी हॅव टू लेट यू गो' असं वाक्य आहे. मी 'आपणांस ३१ मार्चपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे' असं केलं. सहकारी म्हणतो, नोकरी गेली हे यातून कळतच नाही. 'काढून टाकण्यात येत आहे' फार लागतं. मधलं काही सुचवा.

शिरस्तेदार : सहकाऱ्याचं बरोबर आहे. सरकारी कचेरीत बदलीचा आदेश निघाला की माणूस पदभार सोपवतो, त्याला कार्यमुक्त करतात आणि तो नव्या जागी रुजू होतो. नोकरी चालूच राहते. राजीनामा दिलेल्यालाही कार्यमुक्त करतात, पण तिथे निर्णय त्याचा असतो. तुमचं पत्र वाचून कामगार विचारेल, 'मग हजर कुठे व्हायचं?' 'बडतर्फ' तर मुळीच नको, ती शिक्षा आहे. पुढच्या नोकरीत तो शब्द आडवा येतो.

पाणवठा : एवढा खल कशाला? 'ले-ऑफ' लिहा. आयटीतल्या पोरांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना कळतं.

शिरस्तेदार : आयटीत कळतं, कारखान्यात उलटं कळेल. कामगार कायद्यातला ले-ऑफ तात्पुरता असतो. कच्चा माल नाही, वीज नाही, यंत्र बिघडलं म्हणून काम देता येत नाही. कामगाराचं नाव हजेरीपटावर राहतं आणि नियमात बसत असेल तर त्याला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. ते पत्र घेऊन माणूस बोलावण्याची वाट बघत बसेल, दुसरीकडे काम शोधणार नाही. कायमचं असेल तर त्याला 'कामगार कपात' म्हणतात.

गिरणगाव : तुम्हाला हवा तो मधला शब्द कामगारांच्या तोंडी आहेच : 'कामावरून कमी केलं'. 'काढलं' म्हटलं की लोक विचारतात, काय केलंस? 'कमी केलं' म्हटलं की विचारतात, किती जणांना? दोष माणसावर येत नाही आणि नोकरी संपली हेही कळतं. पण एकट्या क्रियापदावर भार टाकू नका. कारण आणि पैसे लगेच पुढे लिहा :

'विभाग बंद होत असल्यामुळे आपल्याला ३१ मार्चपासून कामावरून कमी करावे लागत आहे. आपल्या कामाबद्दल कंपनीची कोणतीही तक्रार नाही. कायद्यानुसार सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळेल.'

दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तेच पत्र तो पुढच्या गेटवर दाखवणार असतो.

निखळ : 'कमी करणे' बोलीतलं आहे, पत्राला शोभत नाही. 'सेवाविराम' हा सुंदर शब्द असताना तो का वापरू नये?

गिरणगाव : विरामानंतर खेळ पुन्हा सुरू होतो. शब्द सुंदर आहे, अर्थ उलटा आहे.

निखळ : मग 'सेवासमाप्ती' घ्या. प्रमाण भाषेचा आग्रह सोडला तर उद्या पत्रात 'नारळ दिला' लिहाल!

पाणवठा : 'नारळ' आला कुठून? माझ्या मते नारळ फोडतात त्यावरून, फोडला की संपलं.

शिरस्तेदार : फोडण्याचा नसावा, निरोपाचा असावा. पाहुण्याला, निवृत्त होणाऱ्याला शाल-श्रीफळ देऊन पाठवतात. मानाचीच गोष्ट, पुढे टोमणा झाली असावी.

तिरफळ : मृत्यूच्या बातमीचंही असंच. गावाहून निरोप आला, 'काका गेले.' मी विचारलं, 'कुठे?' अजून लाज वाटते. 'वारले' म्हणावं ना सरळ.

कोरा कागद : वारसाच्या रकमेचा परिच्छेद याच पत्रात आहे, म्हणून तेही विचारते. 'कामगारास देवाज्ञा झाल्यास' चालेल?

शिरस्तेदार : नको. देवाज्ञा, कैलासवास हे शब्द सगळ्या धर्मांच्या कुटुंबांना लागू पडत नाहीत. शोकसंदेशात 'निधन' लिहा. पैशाच्या कलमात मात्र 'मृत्यू झाल्यास'च लिहा, कारण वारसाला मृत्यूचा दाखला जोडावा लागतो आणि दोन्हीकडे एकच शब्द असलेला बरा.

निखळ : आणि 'अपंग'च्या जागी 'दिव्यांग' लिहिलंय ना? आता सरकारी शब्द तोच.

गिरणगाव : विभागाच्या नावात, दाखल्यात जरूर लिहा. पण 'दिव्यांग कामगारांसाठी सोय केली आहे' यातून कसली सोय ते कळत नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला रॅम्प लागतो, कर्णबधिराला खुणांची भाषा येणारा माणूस. शिवाय या क्षेत्रात काम करणाऱ्या अनेकांनाच 'दिव्य' हा शब्द खटकतो. सरळ 'अपंग व्यक्ती' म्हणा, असं ते सांगतात.

निखळ : 'अपंग' पुन्हा आणायचा? याला माझा ठाम विरोध आहे.

कोरा कागद : त्यावर वेगळा धागा काढा. 'कमी करावे लागत आहे' व्यवस्थापनाला दाखवते. ते 'कार्यमुक्त'वर अडून बसले तर शिरस्तेदारांचा पहिला प्रतिसाद छापून नेते.