मदत हवी आहे: हसलं की कन्सीलर डोळ्यांच्या कडेच्या रेघांत जाऊन बसतं (मे महिना, अमळनेर)

वरमाय_अमळनेर
मुलाचं लग्न मे महिन्यात, अमळनेरलाच. लॉनवर मंडप, मुहूर्त साडेअकराचा. सकाळी ८ ला तयार झाले तरी पंगती उठेपर्यंत ३ वाजणार. वय ४९, रंग गव्हाळ, त्वचा कोरडी. डोळ्यांच्या बाहेरच्या कडेला सुरकुत्या आहेत आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत घडी पडते. डोळ्यांखाली थोडं तपकिरी काळपट आहे.

घरी रंगीत तालीम केली, ती अशी: मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, फाउंडेशन, मग डोळ्यांखाली गालापर्यंत कन्सीलरचा मोठा त्रिकोण (दोन शेड उजळ), वर भरपूर लूज पावडर. पापणीवर चमकीची शॅडो, लायनरचं टोक बाहेर ओढलेलं. आधी छान दिसलं, तासाभराने हसले तर कडेला पांढऱ्या रेघा. नाकाजवळची घडी तर पेन्सिलीने काढल्यासारखी. काहीच लावलं नाही तर याहून कमी दिसतात! नेमकं काय कमी करू आणि काय बदलू? इंजेक्शनं वगैरे नको आहेत.

खान्देशी_तडका
पावडर कमी पडतेय. कन्सीलर लावल्यावर ओल्या स्पंजने पावडरचा जाड थर दाबायचा, १० मिनिटं तसाच ठेवायचा, मग ब्रशने झटकायचा. बेकिंग म्हणतात त्याला. एकदा बसलं की हलत नाही. आणि उन्हाळ्यात वॉटरप्रूफ सोडून दुसरं काही घेऊच नका.

पारोळ्याची_माई
रात्री झोपताना बदामाचं तेल बोटाने चोळ बहीण, रेघा फिकट होतात म्हणतात. सकाळी पण दोन थेंब लाव, चेहरा तुकतुकीत दिसतो.

धुळे_पार्लरवाली
माई, ताईंचा प्रश्न रेघा घालवायचा नाही, मेकअपने त्या जास्त दिसू नयेत असा आहे. रात्री तेल लावायचं तर लावू द्या, पण लग्नाच्या सकाळी डोळ्यांभोवती तेलाचा थेंब नको. त्यावर कन्सीलर धरत नाही, घसरत घसरत घडीतच जातं.

तडका, बेकिंग तेलकट त्वचेला आणि स्टेजच्या लाइटला चालतं, तिथवर तुमचं बरोबर. कोरड्या त्वचेवर, तेही आपल्याकडच्या कोरड्या उन्हात, तो थर कन्सीलरमधला ओलावा शोषून घेतो. मग ते हलत नाही, तडकतं.

आता ताई, तुमचं. तुमचा क्रम बरोबर आहे, गडबड मापाची आणि जागेची. डोळ्यांभोवती गोल स्नायू असतो. हसलं की तो आवळतो आणि कडेची पातळ त्वचा दरवेळी त्याच जागी दुमडते. तिथे जे काही लावलेलं असेल ते दुमडीत ढकललं जातं. त्यात तुमचं कन्सीलर दोन शेड उजळ, म्हणून रेघ पांढरी दिसली. हलणारी घडी कशानेच बुजत नाही. तिथे ढकलायला माल ठेवायचा नाही, एवढंच आपल्या हातात.

पुढच्या तालमीत रेघ दिसली की आधी टिश्यूचा कोपरा तिच्यावर दाबून पाहा. रंग टिश्यूला लागला तर माल जास्त झाला किंवा खालचं क्रीम मुरलं नव्हतं. टिश्यू कोरडा निघाला आणि त्वचेवर बारीक जाळी दिसली, तर पावडर जास्त. ही तपासणी केल्याशिवाय नवीन वस्तू विकत आणू नका. पहिल्या तासातच पांढरी रेघ म्हणजे तुमच्याकडे बहुधा दोन्ही झालंय.

लावताना असं करा. डोळ्यांखाली मुगाच्या दाण्याएवढं मॉइश्चरायझर, दोन्ही डोळ्यांना मिळून. ५ मिनिटं थांबा. मग सनस्क्रीन, तिला १०-१५ मिनिटं द्या. साडी नेसायचं काम याच वेळात उरकतं. एवढं होऊन बोट लावल्यावर चिकट लागलं, तर टिश्यू नुसता ठेवून उचला, पुसू नका. डोळ्यांजवळ फाउंडेशन वेगळं घेऊच नका, गालावर लावून स्पंजला उरलेलं पुरतं.

तपकिरी काळपटपणावर आधी पीच करेक्टर, दिसेल न दिसेल इतकाच. याने कन्सीलर निम्म्याने कमी लागतं. कन्सीलर चेहऱ्याच्याच शेडचं, फार तर अर्धी शेड उजळ. एका डोळ्याला तांदळाच्या दोन दाण्यांएवढं: एक नाकाजवळच्या कोपऱ्यात, एक खालच्या खळगीत. आरशात समोर बघा आणि बुबुळाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ खाली रेघ आहे असं समजा. कन्सीलर त्या रेघेच्या बाहेर जायचं नाही. पुढच्या सुरकुत्यांवर काहीच नको, स्पंज फिरताना जे हलकं पोचेल तेवढं बस. अर्धा मिनिट थांबून ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजने थोपटा. ओढायचं नाही.

आता सगळे विसरतात ती पायरी. पावडर लावण्याआधी जोरात हसा, दोन-तीनदा. जी रेघ भरली ती कोरड्या स्पंजच्या टोकाने उचलून घ्या. मग वर बघा, त्वचा ताणलेली असतानाच लहान मऊ ब्रशला नावाला पावडर घेऊन, झटकून, फक्त आतल्या अर्ध्या भागावर दाबा. रेघ भरलेली असताना पावडर लावलीत तर ती रेघ तिथेच पक्की झाली.

तापीकाठ_शिरपूर
सगळं पटलं, पण प्रायमर का नाही सांगितला? डोळ्यांखाली सिलिकॉनचा प्रायमर लावला की रेघ भरून सपाट होते.

धुळे_पार्लरवाली
न हसतासुद्धा दिसणारी बारीक रेघ असेल तर थोडीफार बुजते. हसल्यावर पडणाऱ्या घडीत प्रायमरही ढकललाच जातो. शिवाय सनस्क्रीन मुरायच्या आत प्रायमर चोळला की बारीक गोळ्या सुटतात, आणि सिलिकॉनवर पाण्याचं कन्सीलर तुकड्यातुकड्यांनी बसतं. लावायचाच तर नाकाच्या बाजूच्या घडीजवळ, ज्वारीच्या दाण्याएवढा, दाबून. डोळ्यांजवळ ताईंना मी देणार नाही.

तापीकाठ_शिरपूर
कन्सीलर सिलिकॉनचंच असेल तर प्रायमर चालतो असं मला वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीच्या बायकांना मी तसंच लावते आणि टिकतं. इथे आपलं दोघींचं जमायचं नाही.

चष्मेवाली
माझा प्रश्न यातच विचारते. मला प्लस नंबरचा चष्मा आहे, काचेतून डोळ्यांखालचं सगळं मोठं दिसतं. मी काय वेगळं करू?

धुळे_पार्लरवाली
प्लसची काच मोठं दाखवतेच, त्यामुळे कन्सीलर याहूनही कमी. नाकावर जिथे चष्म्याचे पॅड टेकतात तिथे काहीच लावू नका, तिथलाच माल घामाने सरकून डोळ्याच्या कोपऱ्यात येतो.

वरमाय_अमळनेर
धन्यवाद ताई. शॅडो, लायनर आणि नाकाजवळच्या घडीचं राहिलं. घडीत उजळ कन्सीलरची रेघ मारायची असं मोबाइलवर पाहिलं होतं.

धुळे_पार्लरवाली
चमकी बाहेरच्या कोपऱ्यातून काढून टाका. सुरकुतीच्या कंगोऱ्यावर चमक पडली की मधली खाच आणखी काळी दिसते. हलकी सॅटिन शॅडो पापणीच्या मधोमध चालेल, बाहेर मॅट तपकिरी, आणि तीही भुवईच्या टोकाकडे वर चढवायची, आडवी ओढायची नाही.

लायनर डोळा मिटून, कातडी ताणून काढू नका. सोडली की टोक सुरकुतीवर वाकडं तुटतं. आरसा हनुवटीच्या उंचीवर ठेवून डोळे उघडे, नजर समोर. शेवटच्या पापणीकेसाशी थांबा. टोक हवंच असेल तर पहिल्या सुरकुतीच्या अलीकडे संपवा, जेमतेम ३-४ मिलिमीटर, वरच्या दिशेने. काळ्याऐवजी गडद तपकिरी घेतलंत तर फार बरं.

नाकाजवळची घडी मुळात सावलीमुळे दिसते, म्हणून उजळ रेघेची युक्ती अर्धी खरी. घडीच्या अगदी तळाला, केसाएवढी, अर्धी शेड उजळ रेघ बारीक ब्रशने काढून तिच्या कडा थोपटल्या तर समोरून काढलेल्या फोटोत फरक दिसतो. रेघ गालाच्या उंचवट्यावर गेली की उलट होतं, उंचवटा वर येतो आणि घडी खोल दिसते. तुम्हाला पाहुण्यांशी ३ वाजेपर्यंत बोलायचं-हसायचं आहे, तेवढ्यात ती सरकणारच. मी म्हणेन रेघ नको. तिथे फाउंडेशन पातळ करा आणि गालाची लाली घडीपासून दोन बोटं लांब ठेवा.

कॅमेरा_जळगाव
फोटोच्या बाजूने सांगतो. एका बाजूने एलईडी लाइट पडला की प्रत्येक सुरकुतीची सावली पडते, मेकअप कसाही असो. फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा, वरमायचे फोटो लाइट समोरून, डोळ्यांच्या जरा वर ठेवून घ्या म्हणावं. भर दुपारी मंडपाच्या कडेला उन्हात उभ्या राहू नका, वरच्या उन्हात घडी सर्वांत खोल येते. आणि पांढरी, अगदी बारीक पावडर फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरी मारते. तालमीत मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढला की कळतं.

धुळे_पार्लरवाली
हे बरं सांगितलंत. अजून एक, कूलरच्या थेट झोतात बसू नका ताई. त्या वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येतं, ते कडेनेच ओघळतं आणि आपण पदराने पुसतो.

दुपारी १ च्या सुमारास आरसा बघा. रेघ भरली असेल तर वरून पावडर नाही. टिश्यू दाबा, करंगळीला नावापुरतं मॉइश्चरायझर घेऊन फक्त त्या रेघेवर थोपटा, माल पसरला की थांबा. कन्सीलर पुन्हा लावायचं तर नाकाजवळच्या कोपऱ्यातच.

वरमाय_अमळनेर
आणि काजळ? त्याशिवाय मला चैन पडत नाही.

धुळे_पार्लरवाली
खालच्या पापणीला नको. ऊन, पाणी आणि खाली क्रीम, ते बाहेरच्या कोपऱ्यातून सुरकुत्यांत उतरतं, आणि काळी रेघ पांढरीपेक्षा वाईट. वरच्या पापणीच्या मुळाशी भरा.

पारोळ्याची_माई
वरमाय आणि बिनकाजळाची? लोक काय म्हणतील! घरचं काजळ नको, पेन्सिलचं आतल्या कडेला लाव आणि बाहेरचा कोपरा सोड.

तापीकाठ_शिरपूर
माईंचं मला पटतंय. बाहेरचा एक तृतीयांश कोरा सोडायचा आणि काजळाच्या खाली तपकिरी शॅडो कोरडी दाबायची, उतरायला वेळ लागतो.

धुळे_पार्लरवाली
वेळ लागतो, पण उतरतं. ताई, तालमीला एका डोळ्याला माईंसारखं लावा, दुसरा कोरा ठेवा, आणि ११ ते ३ घरातली कामं करत राहा. मग तुम्हीच ठरवा.